जिभेची आग होते, घसा मात्र ठीक: परत परत येणाऱ्या त्रासाचं मूळ कसं शोधायचं

चहाचा घोट घेतला की जिभेला चटका बसतो. आमटीतलं रोजचं तिखटही सोसत नाही. घशाचंच काहीतरी असेल म्हणून माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर टॉर्च मारून बघतात, घसा स्वच्छ असतो. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि गुळण्यांचं औषध मिळतं, आठवडाभरात बरं वाटतं आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच सुरू होतं. घरचे म्हणतात, उष्णता झालीय. मग सब्जा, गुलकंद, दूध-तूप होतं. तात्पुरता थंडावा मिळतो, पण त्रास जात नाही.

मुंबईत फॅमिली डॉक्टर म्हणून मी या तक्रारीकडे नेहमी एकाच प्रश्नातून बघतो: बरं वाटल्यावर काय थांबवलं, आणि त्रास परत येण्याआधी काय चालूच होतं? उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. एका ताईंच्या उदाहरणावरून सांगतो, कारण त्यांच्या जिभेत या दुखण्याची दोन-तीन कारणं एकत्र आली होती.

वय ४७. राहायला बदलापूरला, नोकरी फोर्टमध्ये. पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मधुमेहासाठी आठ वर्षं मेटफॉर्मिन, ॲसिडिटीसाठी रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, आणि शिंका येतात म्हणून रात्री सेटिरिझिन. वर्षभरात चार-पाच वेळा जीभ अशीच पेटली होती. त्यातल्या दोन वेळा घसा म्हणून अँटिबायोटिकचा कोर्सही झाला होता.

घसा नीट दिसतो, मग घशात का जाणवतं?

जिभेच्या मागच्या एक तृतीयांश भागाला आणि घशाला संवेदना पुरवणारी नस एकच आहे. त्यामुळे मागच्या बाजूची आग घशात, कधी कधी कानातही जाणवते. पेशंट खोटं सांगत नसतो आणि डॉक्टरांनाही खरंच काही दिसत नसतं. घसा लाल नाही, टॉन्सिल सुजलेले नाहीत, ताप नाही, गळ्याच्या गाठी दुखत नाहीत, तर जंतुसंसर्गाची शक्यता फार कमी उरते. अशा वेळी घेतलेलं अँटिबायोटिक निरुपयोगी ठरतंच, शिवाय तोंडातले नेहमीचे जिवाणू मारून बुरशीला मोकळं रान करून देतं. मग बुरशीमुळे जीभ जास्तच चरचरते आणि ‘घसा अजून बरा झाला नाही’ म्हणून दुसरं अँटिबायोटिक सुरू होतं. या ताईंना मी पहिल्यांदा एवढंच सांगितलं, की घशाची औषधं आता पुरे.

आरशात काय बघायचं

सकाळी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात जीभ बघा. चहा, पान किंवा रंगीत गोळी यानंतर लगेच बघू नका. निरोगी जिभेचा वरचा भाग मखमलीसारखा खरखरीत असतो, कारण त्यावर बारीक दोऱ्यांसारखे उंचवटे असतात. त्यांच्या पेशी फार झपाट्याने झडतात आणि नव्याने तयार होतात. नवी पेशी तयार व्हायला बी १२, फोलिक ॲसिड आणि लोह लागतं. यांपैकी काही कमी पडलं की शरीरातल्या ज्या जागा सतत नव्याने घडत असतात तिथे उणीव आधी दिसते, आणि जीभ ही त्यातलीच एक जागा.

म्हणून आधी टोक आणि कडा बघायच्या. तिथला खरखरीतपणा जाऊन जीभ गुळगुळीत, चकचकीत आणि लालबुंद दिसत असेल, तर बी १२ चा संशय घ्यायचा. गुळगुळीत पण फिकट जीभ आणि ओठांच्या कोपऱ्यांत चिरा असतील, तर लोहाचा. पांढरा थर ओल्या कापडाने पुसून निघतो आणि खाली लाल कातडी दिसते, तर बुरशी. बुरशी कधी पांढऱ्या थराशिवाय, जिभेच्या मधोमध लाल पट्टा म्हणूनही येते, विशेषतः दम्याचा स्टेरॉइड पंप ओढून चूळ न भरणाऱ्यांत आणि कवळी घालूनच झोपणाऱ्यांत. पांढरी किनार असलेले लाल चट्टे दर काही दिवसांनी जागा बदलत असतील, तर ती नकाशासारखी जीभ. ती तिखटाने झोंबते, पण घातक नाही.

आग एकाच ठिकाणी, एकाच बाजूला होत असेल तर त्या जागेला टेकणाऱ्या दाताला बोट लावून बघा. तुटलेल्या दाताची किंवा निघालेल्या सिमेंटची धार जिभेला रोज घासत असते.

ताईंची जीभ मधे ठीक होती. टोक आणि दोन्ही कडा मात्र काचेसारख्या गुळगुळीत, त्यावर दातांचे ठसे. थर नाही, फोड नाही. तपासणीच्या आरशाची पाठ मी गालाच्या आतल्या बाजूला टेकवून बाजूला घेतली, तर ती चिकटली आणि कातडी ओढली गेली. लाळ पुरेशी असलेल्या तोंडात आरसा सहज सरकतो. म्हणजे कोरडेपणाही होता. त्याचा माग नंतर घेऊ.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. उणीव असूनही सुरुवातीला जीभ अगदी नेहमीसारखी दिसू शकते. तेव्हा आरशात काही दिसलं नाही म्हणून रक्ततपासणी टाळू नये.

आग दिवसाच्या कोणत्या वेळी होते?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, पण त्याचा उपयोग पुष्कळ होतो. उणीव, बुरशी किंवा जखम असेल तर खाताना त्रास वाढतो, तिखट-आंबट-गरम सहन होत नाही. तोंड कोरडं पडल्यामुळे असेल तर रात्री आणि पहाटे उठल्यावर सगळ्यात जास्त, जीभ टाळूला चिकटलेली. ब्रश केल्यावर लगेच भडकत असेल तर टूथपेस्टकडे बघायचं. आणि सकाळी उठल्यावर जवळजवळ नाही, दुपारपासून वाढत जाऊन संध्याकाळी असह्य, पण जेवताना मात्र बरं वाटतं, असा क्रम असेल तर तो वेगळाच प्रकार, ‘बर्निंग माउथ सिंड्रोम’. त्यात जीभ ठीक असते आणि जाणीव वाहून नेणाऱ्या नसांचंच काम बिघडलेलं असतं. पाळी गेलेल्या बायकांत हा जास्त दिसतो. रोज दोन तासांहून जास्त वेळ, तीन महिन्यांहून जास्त काळ आग आणि सगळ्या तपासण्या नॉर्मल, असं झाल्याशिवाय हे नाव द्यायचं नसतं. ‘तुमच्या मनाचं आहे’ म्हणून पेशंटला घरी पाठवणं तर मुळीच बरोबर नाही. त्याच्यावर औषधं आहेत, ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घ्यावी लागतात.

चार दिवस वहीत सकाळ, दुपार, रात्र अशी शून्य ते दहा आकड्यांत आग लिहून ठेवली तर चित्र लगेच स्पष्ट होतं. ताईंच्या वहीत दोन शिखरं होती, एक दुपारच्या डब्याच्या वेळी आणि एक पहाटे. खाताना होणारी आग एका कारणाकडे बोट दाखवत होती, पहाटेची दुसऱ्या.

चिडवणाऱ्या गोष्टी आधी काढा

रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत हे घरच्या घरी करता येतं. सगळं एकदम बंद करायचं, दोन आठवडे थांबायचं आणि मग एकेक वस्तू परत आणायची. पहिली वस्तू टूथपेस्ट. जास्त फेस आणणाऱ्या पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं, ते नाजूक जिभेला झोंबतं. लवंग, दालचिनी आणि कडक पुदिना यांचे अर्कही तसेच. साधी, फेस न येणारी, सौम्य चवीची पेस्ट घ्या. फ्लोराइड मात्र असू द्या, कारण कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. दुसरी वस्तू अल्कोहोल असलेलं माउथवॉश. ते तोंड आणखी कोरडं करतं. त्याऐवजी एक ग्लास पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरा. मिठाच्या कडक गुळण्या सोललेल्या जिभेला नकोत.

आणि मशेरी. आपल्याकडे अजून बऱ्याच बायका दात घासायला म्हणून भाजलेला तंबाखू हिरड्यांना लावतात आणि तंबाखू खाता का, असं विचारलं तर मनापासून ‘नाही’ म्हणतात. म्हणून मी ‘मशेरी लावता का’ असंच विचारतो. सुपारीचंही तसंच. सुपारी, गुटखा किंवा मावा खाणाऱ्याला तिखट झोंबायला लागलं आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर सुपारीने तोंडाची आतली कातडी घट्ट होण्याचा तो आजार असू शकतो. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का, एवढं तपासा. जात नसतील तर व्हिटॅमिनच्या गोळ्यांत वेळ न घालवता डेंटिस्टकडे जा. हा आजार पुढे कर्करोगात बदलू शकतो आणि सुपारी त्याच दिवशी सुटायला हवी.

ताईंना यातलं काही व्यसन नव्हतं. टूथपेस्ट बदलल्यावर सकाळची चरचर थोडी कमी झाली, जेवतानाची तशीच राहिली.

रक्त कोणतं आणि कधी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. जीभ आली की लोक आधी केमिस्टकडून बी कॉम्प्लेक्स घेतात, फरक नाही पडला तर रक्त तपासतात. पण बी १२ असलेली गोळी किंवा इंजेक्शन घेतल्यावर रक्तातला आकडा चढतो आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. साठा रिकामाच असतो, पण कागदावर सगळं छान दिसतं. म्हणून आधी रक्त, मग गोळी. आधीच सुरू केली असेल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना तसं सांगा.

निव्वळ फोलिक ॲसिड स्वतःहून घेणं त्याहून वाईट. त्याने रक्तातला ॲनिमिया सुधारल्यासारखा दिसतो, पण बी १२ ची उणीव तशीच राहते आणि नसांचं नुकसान आतून चालू राहतं.

ताईंचे रिपोर्ट असे आले. हिमोग्लोबिन १०.८. लाल पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ८७, अगदी नॉर्मल. बी १२ १४८ पिकोग्रॅम. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. साखर बऱ्यापैकी आटोक्यात, थायरॉइड ठीक.

एमसीव्ही नॉर्मल आहे म्हणून बी १२ ठीक असेल, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. बी १२ कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, लोह कमी असेल तर लहान. दोन्ही कमी असतील तर सरासरी मधे येते आणि काहीच बिघडलेलं नाही असं वाटतं. अशा वेळी रिपोर्टवर आरडीडब्ल्यू बघायचा. पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे तो सांगतो. ताईंचा १९ होता, नेहमी साधारण साडेचौदाच्या आत असतो. म्हणजे लहान आणि मोठ्या पेशी एकाच रक्तात फिरत होत्या.

बी १२ २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर बहुधा उणीव समजतात. २०० ते ३०० हा धूसर पट्टा. तिथे लक्षणं असतील तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासून खात्री करता येते. या चाचण्या महाग आहेत, सरसकट करायची गरज नाही.

बी १२ का कमी झालं, ते ताईंच्या औषधांच्या पिशवीत होतं. बी १२ मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दुभत्यातून. शाकाहारी माणसाला दूध-दही हाच काय तो स्रोत. अन्नातल्या प्रथिनांपासून बी १२ सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं, आणि पॅन्टोप्राझोल तेच कमी करतं. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आड येतं, जितका डोस जास्त आणि वर्षं जास्त तितकं अधिक. आवकच बेताची, आणि वाटेत दोन ठिकाणी गळती. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून औषध सुरू केल्यावर लगेच काही होत नाही आणि जीभ पेटते तेव्हा त्या गोळीवर कोणाचा संशय जात नाही.

लोहाचं कारण वेगळं होतं. पाळीत रक्तस्राव जास्त जायचा आणि जेवण झालं की लगेच कडक चहा, जो जेवणातलं लोह शोषू देत नाही. पाळी गेलेल्या बाईत किंवा पुरुषात फेरिटिन इतकं कमी आलं असतं, तर मी आधी पोटातून, आतड्यातून रक्त जातंय का हे शोधलं असतं. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन थांबणं धोक्याचं आहे.

उपचार, आणि उरलेली आग

ताईंना पायाला मुंग्याही येत होत्या, म्हणून बी १२ इंजेक्शनने सुरू केलं: १००० मायक्रोग्रॅम दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला एक, मग महिन्याला. ज्यांना नसांची लक्षणं नाहीत त्यांना रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. एवढ्या मोठ्या डोसातला साधारण एक टक्का नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो, आणि तेवढा पुरतो. लोहाची गोळी चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब. ॲसिडिटीची गोळी खरंच रोज लागते का, हे हळूहळू कमी करून बघितलं, तर आठवड्यातून एक-दोन वेळा पुरते असं दिसलं. मेटफॉर्मिन चालूच ठेवलं. ती स्वतःहून बंद करायची गोळी नाही.

तीन आठवड्यांत डबा खाताना होणारी आग जवळजवळ गेली. कडांवर खरखरीतपणा यायला आणखी महिनाभर लागला. पण पहाटेची आग जशीच्या तशी होती.

‘डॉक्टर, इंजेक्शनं तर सगळी झाली, मग हे काय राहिलं?’ त्यांनी विचारलं.

‘ताई, दिवसभरात पाणी किती पिता?’

त्या जरा थांबल्या. बदलापूरहून गाडी पकडली की सव्वा तास, परत येताना तेवढाच. मधे बाथरूमची सोय नाही, ऑफिसच्या मजल्यावरचं बायकांचं स्वच्छतागृह नीट नाही. म्हणून घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत जेमतेम एक बाटली, तीही जेवताना. रात्री सेटिरिझिन, जे लाळ कमी करतं, आणि नाक चोंदल्यामुळे तोंड उघडं ठेवून झोप. पहाटे जीभ वाळून गेलेली.

ही अडचण मुंबईतल्या हजारो बायकांची आहे आणि ‘पाणी जास्त प्या’ एवढं लिहून ती सुटत नाही. आम्ही असं ठरवलं: एकदम ग्लासभर न पिता दर अर्ध्या तासाने एक-दोन घोट, तोंड ओलं ठेवायला तेवढे पुरतात आणि लघवीचा ताण येत नाही. गाडीत बिनसाखरेचं च्युइंग गम, चावल्याने लाळ सुटते. सेटिरिझिनऐवजी नाकात मारायचा स्प्रे, म्हणजे नाकही मोकळं. झोपण्याआधी ओठांना व्हॅसलीन. कोरडेपणाबरोबर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असतं, सांधे दुखत असते, तर लाळग्रंथींच्या आजाराची वेगळी तपासणी केली असती. तसं काही नव्हतं. पंधरा दिवसांत पहाटेची आग उतरली.

बरं झालं होतं, परत का आलं?

आठ-नऊ महिन्यांनी ताई परत आल्या, टोक पुन्हा लाल. मधल्या काळात ‘बी १२ आता नॉर्मल आलं’ म्हणून महिन्याचं इंजेक्शन बंद केलं होतं. मेटफॉर्मिन चालू होतं, आहार तोच होता. म्हणजे भोक तसंच ठेवून टाकी एकदा भरली होती. ज्याचं कारण कायम आहे त्याला बी १२ ही कायम लागतं, गोळी असो वा इंजेक्शन, आणि वर्षातून एकदा तपासणी. आता त्या रोज गोळी घेतात आणि जीभ शांत आहे. जीभ परत परत येते अशा बहुतेकांत मला हीच साखळी दिसते: उणीव भरली, पण ती का झाली होती ते बदललं नाही आणि भरणंही थांबवलं.

सगळं करूनही फरक नसेल तर बाकीच्या औषधांची यादी पुन्हा काढा. ब्लडप्रेशरच्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींच्या जिभेची आग होते. लघवी वाढवणाऱ्या आणि झोपेच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी तोंड सुकतं. गोळी बदलायची की नाही, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

ज्याला थांबायचं नाही

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला लागणारी कडक गाठ, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, जिभेचा एक भाग बधिर होणं, गिळताना अडकणं, कारणाशिवाय वजन उतरणं, यांतलं काहीही असेल तर व्हिटॅमिनचा कोर्स पूर्ण होण्याची वाट बघू नका. जिभेच्या कडेची जखम दुखत नसली तरी दाखवा. पायांच्या मुंग्यांबरोबर अंधारात चालताना तोल जात असेल, तर बी १२ ची उणीव नसांपर्यंत पोचलेली असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो.

फॅमिली डॉक्टरांकडून उलगडा होत नसेल तर ‘ओरल मेडिसिन’ विभागात जा. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रक्ताचे रिपोर्ट आणि चार दिवसांची ती वही बरोबर न्या. टूथपेस्टचा आणि माउथवॉशचा फोटोही काढून ठेवा, आणि आधी घेतलेल्या बी १२ च्या इंजेक्शनांच्या तारखा कागदावर लिहून न्या.